वगळायचे शब्द कसे शोधावेत?

गूगल ॲड्समध्ये जाहिरातदाराने निवडलेला कीवर्ड आणि ग्राहकाने प्रत्यक्ष टाइप केलेली शोधसंज्ञा नेहमी एकच नसते. त्यामुळे ‘पैठणी साडी’ची विक्री करणाऱ्याची जाहिरात ‘पैठणी भाड्याने’ शोधणाऱ्यालाही दिसू शकते आणि त्याच्या क्लिकचे पैसे वाया जातात. शोधसंज्ञांचा अहवाल खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावून, क्लिक बरेच पण विक्री शून्य अशा ओळींत पुन्हा पुन्हा येणारा ‘भाड्याने’ हा शब्द नकारात्मक कीवर्ड, म्हणजे जाहिरात रोखणारा शब्द, म्हणून नोंदवावा. समानार्थी शब्द आपोआप रोखले जात नसल्याने ‘रेंट’ स्वतंत्रपणे लिहावा लागतो. ‘किंमत’ मात्र रोखू नये, कारण ती विचारणारा बहुधा खरेदीच्याच विचारात असतो. फार कमी वेळा शोधलेल्या संज्ञा अहवालात दिसत नाहीत, तरी त्यांचा खर्च एकूण बेरजेत धरलेला असतो.