बेंदराचे गाणे : मुलांच्या तोंडी, बैलांच्या पुढे

बेळगाव परिसरात ज्येष्ठ पौर्णिमेला बेंदूर असतो. कन्नड शेजारी त्याला कारहुण्णिमे म्हणतात, तर महाराष्ट्रात हा दिवस कर्नाटकी बेंदूर म्हणून ओळखला जातो. अलीकडे या भागातल्या शाळांतून बेंदराला मुलांनी म्हणायचे गाणे मागितले जाते. लिहून आलेली बरीच गाणी मी वाचली आहेत. बहुतेकांत एकच अडचण दिसते. बैलाला ‘वृषभराजा’ म्हणून हाक मारलेली असते आणि शेवटी त्याला ‘धन्यवाद’ दिलेले असतात.

शेतकऱ्याच्या घरात बैलाला कोणी धन्यवाद म्हणत नाही. आईलाही म्हणत नाही. आपल्याकडे उपकार हाताने फेडायचे असतात. बैलाचे खांदे तेल-हळदीने मळायचे, त्याला न्हाऊ घालायचे, शिंगे रंगवायची, झूल चढवायची, त्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नाही आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याला द्यायचा. आभाराचा मजकूर या कृतींतच आहे. तेव्हा गाणे लिहिणाऱ्याने भावना सांगत बसू नये; एक कृती उचलावी आणि तिच्यासमोर बैलाचे एक काम ठेवावे.

छंद म्हणून मी अष्टाक्षरी सुचवतो. ओळीत आठ अक्षरे आणि चौथ्या अक्षरावर थांबा. मिरवणुकीत चालणाऱ्या मुलाला दोन ओळी एका श्वासात म्हणता येतात. आता खानापूरकडच्या भातशेतीचा बैल डोळ्यांसमोर आणू. हळदीने खांदा मळणे ही कृती, आणि चिखलणीत औत ओढणे हे काम.

खांदा तुझा मळताना
हळदीचा झाला हात;
चिखलात चाललास,
ताटामधी आला भात.

इथे आभाराचा शब्द नाही, तरी चिखलापासून ताटापर्यंतचा रस्ता मुलाला दिसतो. शब्दही चौथ्या अक्षरावर पुरा होतो : ‘खांदा तुझा’, मग ‘मळताना’. याच ठिकाणी कोणी ‘शिंगं रंगवू तांबडी’ असे लिहिले, तर अक्षरे आठच भरतात. पण थांबा ‘रंगवू’च्या पोटात येतो आणि मुले ‘शिंगं रंग, वू तांबडी’ म्हणतात. कागदावर हा दोष दिसत नाही. मुलांना अंगणात दोन फेऱ्या चालत म्हणायला लावले की लगेच ऐकू येतो. चार-पाच मुले एकाच ठिकाणी अडखळली, तर ओळ बदलावी, मुलांना दटावू नये.

दुसरे कडवे अवघड असते, कारण खरे बोलायचे तर त्यात आर यावी लागते. काठीच्या टोकाला लावलेला तो खिळा मुलांनी पाहिलेला असतो. बैलावर नुसते प्रेमच प्रेम असलेले गाणे त्यांना खोटे वाटते, आणि ते बरोबर असते.

आर तुला टोचली ती
पाठ नाही विसरली;
आज पोळी पुरणाची
आधी तुला वाढलेली.

एका शिक्षकांनी हे कडवे सणाच्या दिवशी नको म्हटले. मला ते हवेच वाटते. पोळी पहिल्यांदा बैलालाच का, याचे उत्तर या कडव्यात आहे.

ध्रुवपदात बैलाचे नावच हवे. ‘ये रे मोत्या, ये रे सोन्या’ ही ओळ दोन अक्षरी नावांसाठी झाली. नाव तीन अक्षरी असेल तर ‘रे’ गाळायचा : ‘ये ढवळ्या, ये पवळ्या’. अक्षरे आठच राहतात. प्रत्येक मूल आपल्या गोठ्यातली नावे घालते आणि तिथे गाण्यात खरा जोर येतो. गाईचे कडवे करायचे असेल तर वेगळे करावे. तिचे देणे दुधाचे आहे आणि त्यात वासराचा वाटा आपण घेतलेला असतो. बैलाच्या कष्टांत ते मिसळले की दोन्ही पातळ होतात. गोव्यात दिवाळीच्या पाडव्याला गुरांना ओवाळतात. तिथल्या शाळेसाठी लिहिताना गाईपासूनच सुरुवात करावी.

म्हणण्याची पद्धत साधी ठेवावी : एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. हलगी बैलांपासून लांब ठेवावी. आवाजाने जनावर बिथरले की ओळ कोणाला आठवत नाही. गाणे पोचले की नाही हे पाहायला मी मुलांना एवढेच विचारतो, ‘बैलानं काय काम केलं?’ ‘तो आपला मित्र आहे’ असे उत्तर आले तर गाणे अजून कच्चे आहे. ‘चिखलात औत ओढलं’ असे आले तर झाले.

आता पुष्कळ घरी ट्रॅक्टर आहे, गोठा रिकामा आहे आणि बेंदराला पाटावर कुंभाराकडून आणलेली मातीची बैलजोडी असते. त्या मुलांनाही पहिले कडवे चालते, कारण ‘चाललास’ हे क्रियापद मुळातच भूतकाळी आहे. आरेचे कडवे मात्र ती मुले आजोबांना विचारल्याशिवाय म्हणत नाहीत. ध्रुवपदात ती घरातल्या शेवटच्या बैलांची नावे घालतात. तीही आजोबांनाच विचारावी लागतात.