आधी अ‍ॅपमधून काढा, मग बटण दाबा

भाड्याच्या घराचा ११ महिन्यांचा करार संपतो आणि सामान टेम्पोत चढतं. गीझरचा स्मार्ट प्लग, हॉलमधला रंगीत बल्ब आणि दारावरचा सेन्सर मात्र नव्या भाडेकरूसाठी मागे ठेवले जातात, नाहीतर एखाद्या मित्राला देऊन टाकले जातात. दोन दिवसांनी त्याचा फोन येतो, ‘अरे, हा प्लग माझ्या मोबाइलवर जोडलाच जात नाहीये. बिघडलाय का?’ बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. जुन्या मालकाच्या नावावरून तो उतरलेलाच नसतो, एवढंच.

असा प्लग पहिल्यांदा जोडला जातो तेव्हा त्याची नोंद दोन ठिकाणी होते. घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड प्लगच्या आतल्या चिपमध्ये साठवले जातात. हा प्लग कुणाच्या खात्यावर आहे, ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते. अ‍ॅलेक्सा किंवा गुगल होम वापरत असाल तर तिथल्या यादीत तिसरी नोंद होते. प्लग उपसून रात्रभर कपाटात ठेवला तरी यातलं काहीच पुसलं जात नाही. वीज गेल्यानंतरही लक्षात राहावं म्हणूनच ती चिप तशी बनवलेली असते. लाइट परत आल्यावर प्लग आपला आपण वायफायला जोडला जातो तो त्याचमुळे. प्लग खऱ्या अर्थाने मोकळा करायचा तर या सगळ्या नोंदी पुसाव्या लागतात, आणि त्याही क्रमाने.

आपल्याकडे मिळणाऱ्या वायफायच्या कितीतरी वस्तू, खोक्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असलं तरी, ‘स्मार्ट लाइफ’ किंवा त्याच धाटणीच्या अ‍ॅपवर चालतात. म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. गीझरचा प्लग काढायचा आहे. आधी गीझरची पिन प्लगमधून काढून घ्यावी, कारण रीसेट होताना प्लगमधला रिले अधूनमधून टक् टक् करत चालू-बंद होतो आणि गीझरसारख्या जड उपकरणाला ते बरं नाही. प्लग मात्र सॉकेटमध्येच, वायफायला जोडलेला असू द्यावा. सकाळी साडेसहाला गीझर चालू करण्यासारखी वेळापत्रकं लावली असतील तर ती टिपून ठेवावीत, काढल्यावर ती राहत नाहीत.

आता अ‍ॅपमध्ये त्या प्लगचं पान उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या किंवा टिंबांच्या खुणेवर बोट ठेवावं आणि तळाशी जाऊन `Remove Device` निवडावं. तिथे दोन पर्याय येतात. `Disconnect` म्हटलं की वस्तू खात्यावरून उतरते, पण जुनी माहिती सर्व्हरवर राहते. `Disconnect and wipe data` म्हटलं की तीही पुसली जाते. वस्तू दुसऱ्याला द्यायची असेल तर दुसराच पर्याय घ्यावा. त्यानंतर प्लगकडे पाहावं. तो ऑनलाइन असेल तर सर्व्हरचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचतो, तो आतला वायफायचा तपशील पुसून टाकतो आणि थोड्याच वेळात त्याचा दिवा भराभर लुकलुकू लागतो. लुकलुकणं म्हणजे पेअरिंग मोड, नव्या मालकाची वाट पाहणं.

दिवा तसाच राहिला तर निरोप पोहोचलेला नाही. मग प्लगवरचं बटण पाच-सहा सेकंद सलग दाबून धरावं. नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं तर प्लग फक्त चालू किंवा बंद होतो, म्हणून दिवा लुकलुकेपर्यंत बोट उचलू नये. पुन्हा तेवढाच वेळ दाबलं तर अनेक प्लगमध्ये लुकलुक संथ होते. हा पेअरिंगचाच दुसरा प्रकार, पहिला जमला नाही तर वापरायचा. यात प्लग स्वतःचं छोटं वायफाय सुरू करतो. काही मिनिटांत कुणी जोडलं नाही तर लुकलुक थांबते, तेव्हा पुन्हा बटण दाबावं लागतं. एवढं करूनही नव्या घरी जोडणी फसली, तर राउटर पाहावा. यातले बहुतेक प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर चालतात, ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय त्यांना दिसतच नाही.

बल्बला बटण नसतं. त्याचं काम भिंतीवरच्या स्विचने होतं. बल्ब चालू असताना साधारण एकेक सेकंदाच्या अंतराने बंद-चालू असं सलग तीन वेळा केलं की तो भराभर उघडझाप करू लागतो. काही बल्बना पाच वेळा लागतं, ते खोक्यातल्या कागदावर दिलेलं असतं. याचा एक तोटाही आहे. वादळी पावसात लाइट लागोपाठ येते-जाते, बल्बला वाटतं आपल्याला रीसेट करताहेत, आणि तो रात्री आपोआप लुकलुकत बसतो. तो बिघडलेला नसतो. त्याच खात्यावर पुन्हा जोडला की झालं.

दाराचा सेन्सर वेगळ्या जातीचा. झिग्बीवर चालणारा असेल तर तो वायफायला नव्हे, हबला जोडलेला असतो आणि बटणाएवढ्या सेलवर कित्येक महिने काढतो. त्यासाठी तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. अशा वेळी अ‍ॅपमधून काढलं तर यादीतून नाव जातं, पण निरोप सेन्सरला मिळत नाही आणि त्याच्या आठवणीत जुनाच हब राहतो. म्हणून आधी दार उघड-बंद करून किंवा सेन्सरचं बटण एकदा दाबून त्याला जागं करावं आणि लगेच अ‍ॅपमधून काढावं. मग सिमकार्डच्या पिनेने बारीक छिद्रातलं किंवा बाजूचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावं. अकाराच्या दार-सेन्सरमध्ये पाच सेकंद दाबल्यावर निळा दिवा चमकतो. नव्या हबला जोडताना सेन्सर अगदी जवळ धरावा. दिवा चमकतो पण जोडणी होत नाही, असं झालं तर सेल बदलून पाहावा.

क्रम उलटा केला तर? अ‍ॅपमध्ये हात न लावता नुसतं बटण दाबलं, तर प्लग लुकलुकतो, नवा मालक जोडायला जातो, आणि अ‍ॅप सांगतं की ही वस्तू दुसऱ्या खात्यावर आहे. मालकीची नोंद सर्व्हरवर असते, तिथे बटणाचा हात पोहोचत नाही. चोरलेली वस्तू सहज वापरता येऊ नये यासाठी या बंधनाचा उपयोगच होतो. मात्र जुन्या मालकाने यायची गरज नसते. तो नागपुरात असो की न्यू जर्सीत, आपल्या अ‍ॅपमधून काढू शकतो. प्लग बंद असला तरी खात्यावरून तो उतरतो, मग नव्या घरी बटण दाबलं की काम होतं. हे ज्याच्या खात्यावर पहिल्यांदा जोडणी झाली त्यानेच करायचं. ज्याला नुसतं शेअर केलेलं असतं त्याने काढलं, तर ते त्याच्याच फोनवरून जातं.

राउटर बदलला किंवा पासवर्ड बदलला म्हणूनही लोक सगळं अ‍ॅपमधून उडवतात. त्याची गरज नसते. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर सगळ्या वस्तू आपोआप परत जोडल्या जातात. ते शक्य नसेल तर यादीतून न काढता नुसतं बटण दाबून त्याच खात्यावर पुन्हा जोडावं. नाव आणि वेळापत्रक बहुधा टिकून राहतं.

शेवटी अ‍ॅलेक्सा किंवा गुगल होमची यादी उघडून तिथलं नावही काढावं. पण हे सर्वांत शेवटी. स्मार्ट लाइफमध्ये वस्तू असेपर्यंत ती तिथून काढली, तरी पुढच्या शोधात परत येऊन बसते.