हायड्रोजनच्या चार रेषा आणि आमची चुकलेली आकृती



अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हायड्रोजन अणूच्या ऊर्जा पातळ्यांची आकृती असते. एकावर एक आडव्या रेषा आणि वरून खाली येणारे बाण. ही आकृती आम्ही बरीच वर्षे फळ्यावर काढत आलो, आणि आज कबूल करतो की चुकीची काढत आलो. फळ्यावर जागा पुरावी म्हणून आम्ही सर्व रेषा सारख्या अंतरावर काढायचो, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. एकदा एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, तीनवरून दोनवर येणारा बाण आणि दोनवरून एकवर येणारा बाण सारखेच लांब आहेत. मग पहिल्याचा प्रकाश दिसतो आणि दुसऱ्याचा दिसत नाही, असे का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्या आकृतीत त्याचे उत्तर नव्हते, कारण ते आम्हीच पुसून टाकले होते. तेव्हापासून आम्ही ही आकृती मोजपट्टीने काढून घेतो. तुम्हीही वही उघडा आणि आमच्याबरोबर काढा.

हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो. त्याला वाटेल तेवढी ऊर्जा धारण करता येत नाही, ठरावीक पातळ्यांवरच राहावे लागते. पातळीचा क्रमांक n असेल, तर तिची ऊर्जा १३.६ ला n च्या वर्गाने भागून मिळते आणि तिच्यापुढे उणे चिन्ह लागते. एकक इलेक्ट्रॉन व्होल्ट. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की इलेक्ट्रॉन केंद्रकाशी बांधलेला आहे. तो पूर्ण मोकळा झाला की ऊर्जा शून्य धरतात.

आता एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे एक सेंटीमीटर असे प्रमाण घ्या. पानाच्या वरच्या बाजूस एक आडवी रेषा काढून तिच्यापुढे शून्य लिहा. तिच्यापासून खाली अंतर मोजत पुढील रेषा काढा:

पहिली पातळी – १३.६ सेंमी
दुसरी पातळी – ३.४ सेंमी
तिसरी पातळी – १.५ सेंमी
चौथी पातळी – ०.८५ सेंमी
पाचवी पातळी – ०.५४ सेंमी
सहावी पातळी – ०.३८ सेंमी

पान पाहताच शिडीची कल्पना मोडते. पहिली पातळी पार तळाशी एकटी पडली आहे, आणि तिसरीपासून पुढच्या सगळ्या वरच्या दीड सेंटीमीटरात दाटीवाटीने बसल्या आहेत.

इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येतो, तेव्हा दोन्हींच्या ऊर्जेतील फरक तो एका प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर टाकतो. म्हणजे आपल्या पानावर बाणाची लांबी हीच त्या प्रकाशकणाची ऊर्जा. आपल्या डोळ्यांना साधारण १.७ पासून ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचा प्रकाश दिसतो. लाल रंग खालच्या टोकाला, जांभळा वरच्या. तेव्हा नियम सोपा झाला: जो बाण १.७ ते ३.१ सेंमी लांब, तो दिसणारा. बाकीचे अदृश्य.

आता एकेक बाण मोजू. पहिल्या पातळीवर येणाऱ्या बाणांपैकी सर्वांत आखूड कोणता? दुसरीवरून येणारा. तो १३.६ वजा ३.४, म्हणजे १०.२ सेंमी भरतो. सर्वांत आखूड बाणच इतका लांब, म्हणून पहिल्या पातळीवर उतरणारा एकही बाण दिसणार नाही. तो सगळा अतिनील प्रकाश. तिसऱ्या पातळीवर उतरणाऱ्यांत सर्वांत लांब कोणता? अगदी शून्याच्या रेषेवरून निघालेला, तोसुद्धा १.५ सेंमीच. म्हणून तिसरीवर किंवा तिच्या वरच्या पातळ्यांवर थांबणारे सगळे बाण अवरक्त भागात जातात. राहिली फक्त दुसरी पातळी:

तिसरीवरून दुसरीवर – १.८९, लाल
चौथीवरून दुसरीवर – २.५५, हिरवट निळा
पाचवीवरून दुसरीवर – २.८६, निळा-जांभळा
सहावीवरून दुसरीवर – ३.०२, जांभळा

सातवीवरून येणारा बाण ३.१२ चा. तो अगदी उंबरठ्यावर आहे, बहुतेकांना दिसत नाही. म्हणून पुस्तकात चारच दृश्य रेषा सांगतात. हे पाठ करण्याचे कारण नाही, मोजपट्टी स्वतःच सांगते.

ऊर्जेवरून तरंगलांबी (आम्ही हिंदीत शिकलो तेव्हा तिला तरंगदैर्घ्य म्हणत असू) काढायची असेल, तर १२४० ला ऊर्जेने भागा. उत्तर नॅनोमीटरमध्ये येते. लाल रेषेसाठी १२४० भागिले १.८९, म्हणजे सुमारे ६५६. बाकीच्या तीन ४८६, ४३४ आणि ४१० नॅनोमीटरच्या आसपास येतात. प्रयोगशाळेतील मापनाशी हे आकडे जुळतात.

या चार रेषांचे गणित प्रथम बसवले ते एका शाळामास्तराने, ही आम्हा शिक्षकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे मुलींच्या शाळेत गणित शिकवणारे योहान बामर यांनी १८८५ साली, वयाच्या साठीत, एक सूत्र मांडले: ३६४.५६ ला n वर्गाने गुणा आणि n वर्ग वजा ४ ने भागा. n च्या जागी ३ घाला, ६५६.२ येते. ४ घाला, ४८६.१ येते. सूत्रात ४ का येतो, हे तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. १९१३ साली नील्स बोर यांनी पातळ्यांची कल्पना मांडली तेव्हा उलगडा झाला: ४ म्हणजे २ चा वर्ग, म्हणजेच आपली दुसरी पातळी.

आता परीक्षेत हमखास होणाऱ्या तीन चुका.

पहिली: इलेक्ट्रॉन चौथ्या पातळीवर असतील तर एकूण किती रेषा मिळतील? उत्तर सहा. पण दृश्य किती, असे विचारले तर दोनच. मुले घाईत सहा लिहून मोकळी होतात. शिवाय एक अणू एका वेळी एकच उडी मारतो. सहाही रेषा एकत्र दिसतात, कारण नळीत असंख्य अणू असतात.

दुसरी: बाणाची दिशा. खाली येणारा बाण प्रकाश देतो, वर जाणारा प्रकाश घेतो. थंड हायड्रोजन अणूंचे इलेक्ट्रॉन पहिल्या पातळीवरच असतात आणि तेथून वर जायला किमान १०.२ लागतात. दृश्य प्रकाशाकडे तेवढी ऊर्जा नाही, म्हणून तो आरपार जातो. सूर्याच्या तापलेल्या पृष्ठभागावर मात्र कोट्यवधी अणूंमागे एखादा दुसऱ्या पातळीवर असतो. तेवढ्यानेच सूर्याच्या वर्णपटात ६५६ नॅनोमीटरपाशी ठळक काळी रेषा उमटते.

तिसरी: प्रयोगशाळेतील नळीत चारांहून अधिक, फिकट रेषाही दिसल्या की प्रयोग चुकला असे मुलांना वाटते. नळीत भरलेला वायू रेणूंचा असतो. विजेने सगळेच रेणू फुटत नाहीत, आणि न फुटलेल्यांच्याही रेषा येतात. ६५६ ची ठळक लाल रेषा सापडली की बाकीच्या तीन तिच्या आधाराने ओळखाव्यात.

आकृतीची मर्यादाही लक्षात ठेवावी. रेषा कोठे पडेल हे ती सांगते, किती ठळक असेल हे नाही. आणि १३.६ चे हे गणित एका इलेक्ट्रॉनचे आहे. हेलियमच्या अणूत दोन आले की ते लागू पडत नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही उत्तर दुसऱ्या दिवशी दिले. फळा पुसला, मोठी पट्टी मागवली आणि पहिली पातळी काढायला फळ्याच्या तळापर्यंत वाकावे लागले. एक बाण आखूड, दुसरा त्याच्या पाचपटीहून लांब. ती म्हणाली, "सर, आता विचारायची गरज नाही."