फक्त तीन ओळी!

आज काय काय करायचंय, हे बघायला तुम्ही फोन उघडता. वाटेत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज दिसतात, मग एक रील, मग आणखी एक. पंधरा मिनिटांनी फोन खिशात जातो. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख मात्र रिमाइंडरच्या अ‍ॅपमध्येच पडून राहते आणि लेट फी भरायची वेळ येते.

अ‍ॅपपर्यंत जावंच लागू नये, यासाठी विजेट असतं. अ‍ॅपमधली यादी ते थेट स्क्रीनवर दाखवतं. पण तिथे चाळीस कामं दिसली, तर दोन दिवसांत त्याकडे बघणंच बंद होतं. म्हणून ‘आज’ नावाची वेगळी यादी करा. रोज रात्री मोठ्या यादीतली तीनच कामं तिच्यात आणा.

अँड्रॉइडवर गुगलच्या Tasks मध्ये ही यादी बनवा. होम स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून धरा, Widgets मध्ये Tasks शोधा आणि यादीचं विजेट पहिल्याच पानावर ठेवा. त्यात ‘आज’ ही यादी निवडा. आयफोनवर Reminders मध्ये यादी करा. iOS 16 पासून विजेट लॉक स्क्रीनवरही बसतं. लॉक स्क्रीन दाबून धरा, Customize निवडा आणि घड्याळाखालच्या पट्टीत Reminders चं आडवं विजेट टाका. तिथे जेमतेम तीन ओळी मावतात, आपल्याला तेवढ्याच हव्यात!

ओळ लिहितानाही थोडी काळजी घ्या. ‘सेमिस्टर पाचचा परीक्षा फॉर्म भरून फी भरणे’ हे विजेटवर ‘सेमिस्टर पाचचा परी…’ एवढंच दिसेल. त्याऐवजी ‘४ च्या आत परीक्षा फी’ असं लिहा. पुढच्या दोन ओळी ‘११ वा. जर्नल सबमिट’ आणि ‘लायब्ररीचं पुस्तक परत’. वेळ किंवा मुख्य शब्द आधी आला, की उरलेलं कापलं गेलं तरी बिघडत नाही.

विजेट वाजत नाही, हेही लक्षात ठेवा. चारच्या आत फी भरायचीच असेल, तर त्या कामाला दुपारी दोनची वेळ लावा, म्हणजे नोटिफिकेशनही येईल.

कधी कधी टिक केलेलं काम सकाळी पुन्हा विजेटवर दिसतं. अशा वेळी बहुधा बॅटरी सेव्हरने अ‍ॅपला झोपवलेलं असतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरी पर्यायात Unrestricted निवडा.

आणि लॉक स्क्रीन बाकावरच्या शेजाऱ्यालाही दिसते. ‘डॉक्टरांकडे रिपोर्ट’ ऐवजी नुसतं ‘५ वा. रिपोर्ट’ लिहिलं, तरी तुम्हाला कळतंच की!