उडी मारून टुणकन फांदीवर माकड गेलं

पानाच्या मधोमध आंब्याचं झाड आहे. त्याच्या शेंड्यावरून कमानीसारखं वळत एकच वाक्य जातं : ‘माकड टुणकन उडी मारून फांदीवर गेलं’. खाली डाव्या कोपऱ्यात, तिप्पट मोठ्या अक्षरांत ‘धप्प!’. पाच वर्षांचं मूल कमानीवरून बोट फिरवत हे बिनचूक वाचतं. अंध मुलांना ऐकवण्यासाठी तेच पान स्कॅन करून घेतलं, की या लेखाचं शीर्षक ऐकू येतं.

सॉफ्टवेअर आपला नियम इमानेइतबारे पाळत असतं : आधी वरचे शब्द, मग खालचे, एका उंचीवरचे असतील तर डावीकडून उजवीकडे. एकाच स्तंभात सरळ ओळी असलेल्या पानाला हे चालतं. कमानीत मात्र ‘उडी मारून’ सगळ्यांत उंच, म्हणून पहिले. ‘माकड’ आणि ‘गेलं’ दोन्ही पायथ्याशी, म्हणून शेवटी.

मग शब्द कुठे आहे यापेक्षा तो कुठे निघालाय, हे बघायचं. प्रत्येक शब्दाच्या शिरोरेषेला सुरुवात, शेवट आणि कल असतो. इथे ‘माकड’ ५० अंश वर चढतोय, ‘टुणकन’ ३०, ‘उडी’ १०. मग उतार : ‘मारून’ १०, ‘फांदीवर’ ३०, ‘गेलं’ ५०. दर शब्दाला कल २० अंशांनी बदलतो; म्हणजे माळ एकच. एका शब्दाच्या शेवटापासून त्याच दिशेनं पुढे गेलं की पुढचा सापडतो. नुसता जवळचा शब्द उचलून भागत नाही. गोगलगायीच्या शंखासारखी ओळ असेल, तर आतल्या वेढ्यातला शब्द पुढच्या शब्दापेक्षा जवळ असू शकतो. ओळ पूर्ण गोल फिरली तर खालचे शब्द उलटे होतात आणि उजवीकडून डावीकडे जातात; तिथेही कलच वाट दाखवतो.

अंतर मात्र मिलिमीटरात मोजू नये, अक्षराच्या उंचीच्या पटीत मोजावं. बारीक अक्षरांत जी फट दोन ओळी वेगळ्या करते, ती मोठ्या अक्षरांत दोन शब्दांमधली साधी जागा असते.

क्रम लागला की वाक्य मोठ्यानं वाचायचं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. ते मध्येच अडकलं तर माळ बहुतेक चुकीची ओवलीये. बहुधाच, कारण मुलांच्या पुस्तकात ‘आली की मांजर!’ असलं बोलणंही भरपूर.

राहिला ‘धप्प!’. तो कुठल्याच माळेत बसत नाही, आणि आकारानं मोठा म्हणून त्याला शीर्षक समजून सगळ्यांत आधी वाचण्याची खोड सॉफ्टवेअरला असते. इथे मोजमाप संपतं, चित्र बघावं लागतं. शब्दाशेजारी फुटलेला आंबा आहे; माकड फांदीवर आदळल्यावर तो पडलाय. म्हणून ‘धप्प!’ वाक्यानंतर. ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये शब्द याच क्रमानं लिहायचे आणि पानावरची जागा वेगळी नोंदवायची. म्हणजे डोळ्यांना कमान तशीच दिसते, आणि कानांना आंबा उडीच्या आधी पडत नाही.