कमी सोडियमचं मीठ: कुणाला चालतं, कुणाला नाही

‘लो सोडियम’ मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. सोडियम कमी झालं की रक्तदाब उतरतो आणि पोटॅशियममुळे मूत्रपिंडं आणखी सोडियम बाहेर टाकतात. चीनमधल्या 600 खेड्यांत सुमारे 21,000 जणांवर झालेल्या अभ्यासात 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना त्यातून आधीच वगळलं होतं.

कारण जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडंच बाहेर टाकतात. ती दुबळी असली, तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अनेकदा आधी काहीच लक्षण दिसत नाही. फार तर स्नायूंत अशक्तपणा जाणवतो. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि पोटॅशियम वाढवणारं स्पायरोनोलॅक्टोन हे औषध घेणाऱ्यांनी हे मीठ टाळावं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. त्या चालू असतील, तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून डॉक्टरांना विचारावं. घरात एकच मीठ सगळ्यांच्या भाजीत पडतं, तेव्हा पाकीट बदलण्यापूर्वी प्रत्येकाची औषधं पाहा.