भिजलेल्या बिलबुकातली विक्री

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि बाजारपेठेतली दुकानं पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर व्यापाऱ्यांपुढे दोन ढीग होते, एक भिजलेल्या मालाचा आणि दुसरा भिजलेल्या कागदांचा. ज्यांच्या मालाचा विमा होता त्यांना दुसरा ढीग जास्त छळणार होता. पुराच्या दिवशी दुकानात किती माल होता, हे कागदांवरूनच सिद्ध करायचं होतं.

अशा वेळी गोदामातला माल मोजता येत नाही, त्यामुळे हिशेब उलटा करावा लागतो. वर्षाच्या सुरुवातीचा माल घ्यायचा, त्यात खरेदी मिळवायची आणि विकलेल्या मालाची मूळ किंमत वजा करायची. जे उरतं तो पुराच्या दिवशीचा माल. यासाठी विक्रीचा आकडा लागतो. रोख विक्री रोकडवहीत सापडते. उधार विक्री मात्र बिलबुकात असते, आणि बिलबुकाचा लगदा झालेला असतो.

हा हरवलेला आकडा कसा शोधतात, हे दाखवण्यासाठी पाइप आणि फिटिंगचं एक काल्पनिक दुकान घेऊ. हिशेब १ एप्रिल ते ५ ऑगस्ट २०१९ या काळाचा. जूनअखेरपर्यंतची विक्री वही आणि ग्राहकांची खतावणी कराच्या कामासाठी हिशेबनिसाकडे होती, म्हणून ती वाचली. रोकडवही आणि बँकेचा उतारा मालकाच्या घरी होता. जुलैपासूनची उधारीची बिलं दुकानात होती, ती गेली.

ज्यांच्याकडून आपलं येणं असतं ते आपले ऋणको. ज्यांचं देणं आपण लागतो ते धनको. दुकानाच्या खतावणीत प्रत्येक ग्राहकाचं खातं वेगळं असतं, पण सगळ्या ग्राहकांना मिळून एकच माणूस मानलं तर त्याचंही एक खातं मांडता येतं. त्याला एकूण ऋणको खातं म्हणतात. त्याच्या नावे बाजूला ग्राहकांचं देणं वाढवणाऱ्या गोष्टी येतात आणि जमा बाजूला ते कमी करणाऱ्या. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी व्हायलाच हवी. त्यामुळे एकच आकडा माहीत नसेल तर बाकीच्यांवरून तो निघतो.

आपल्या दुकानात १ एप्रिलला ग्राहकांकडून ६,४०,००० रुपये येणं होतं. हा आकडा आदल्या वर्षाच्या ताळेबंदातला, म्हणून पक्का. चार महिन्यांत ग्राहकांनी रोख आणि बँकेतून १७,९५,००० रुपये भरले. वेळेत पैसे दिले म्हणून १८,००० रुपये कसर दिली. एक ठेकेदार दुकानातून माल नेतो आणि दुकानाला माल पुरवतोही. त्याच्याशी २०,००० रुपयांची वळती केली, म्हणजे त्याचं देणं आणि आपलं देणं परस्पर फिटलं. एका ग्राहकाचा ३५,००० रुपयांचा चेक बँकेत वटला नाही. ५ ऑगस्टला ग्राहकांकडून येणं निघालं ८,४८,००० रुपये. हा शेवटचा आकडा कुठून आला ते पुढे पाहू, कारण सगळी मेख त्यातच आहे.

जमा बाजूला वसुली, कसर, वळती आणि अखेरची बाकी मिळून २६,८१,००० रुपये होतात. नावे बाजूला सुरुवातीची बाकी आणि परत आलेला चेक मिळून ६,७५,०००. दोहोंतला फरक २०,०६,००० रुपये, तीच उधार विक्री. विक्री वहीत जूनअखेरपर्यंत १५,२६,००० रुपयांची नोंद आहे. म्हणून भिजलेल्या बिलबुकात ४,८०,००० रुपयांची विक्री होती.

परत आलेला चेक नावे का? वसुलीच्या १७,९५,००० मध्ये तो चेक आधीच मोजला गेला आहे. तो वटला नाही, म्हणजे ग्राहकाचं देणं पुन्हा उभं राहिलं. ही नोंद विसरली तर उधार विक्री ३५,००० रुपयांनी फुगते. विकलेला माल जास्त दिसतो, शिल्लक माल कमी दिसतो आणि दुकानदाराची भरपाई विनाकारण घटते. बँकेच्या उताऱ्यात परत आलेल्या चेकची रक्कम वेगळ्या ओळीत दिसते, ती शोधूनच पुढे जावं. रोख विक्री मात्र या खात्यात कुठेच येत नाही, कारण ती कधी कुणाच्या नावे पडलीच नाही. रोकडवहीतून वसुली काढताना काउंटरवरची रोख विक्री चुकून त्यात मिसळली, तर उधार विक्री तेवढीच वाढलेली दिसते. असं मला अनेकदा दिसतं.

खरेदीची बिलंही अपुरी असतील तर धनकोंचं तसंच खातं मांडायचं. फक्त बाजू उलट्या होतात. सुरुवातीचं देणं ४,९०,०००, दिलेले पैसे १३,१०,०००, मिळालेली कसर १२,०००, तीच २०,००० ची वळती आणि अखेरचं देणं ५,६४,०००. यावरून उधार खरेदी निघते १४,१६,००० रुपये. वळती दोन्ही खात्यांत आली पाहिजे. एकाच खात्यात धरली तर दोनपैकी एक आकडा चुकतो.

आता कर. ग्राहक जे पैसे देतात त्यात वस्तू आणि सेवा कर असतो. सगळा माल १८ टक्क्यांचा धरला तर २०,०६,००० मधली मूळ विक्री १७,००,००० आणि १४,१६,००० मधली मूळ खरेदी १२,००,००० रुपये. करासकट आकडा तसाच विक्री म्हणून घेतला, तर तीन लाखांहून जास्त रुपयांचा माल कागदावर उगाचच विकला जातो.

पुढचा हिशेब सोपा आहे. करावाचून रोख विक्री ३,००,००० धरली तर एकूण विक्री २०,००,०००. मागच्या हिशेबांवरून ढोबळ नफा विक्रीच्या २० टक्के असेल, तर विकलेल्या मालाची किंमत १६,००,०००. सुरुवातीचा माल ९,५०,०००, त्यात खरेदी १२,००,०००. पुराच्या दिवशीचा माल ५,५०,००० रुपये.

इथे थांबावं असं कुणालाही वाटेल, कारण खातं जुळलं आहे. पण हे खातं जुळणारच होतं. हरवलेला आकडा आपण फरक म्हणून भरला, आणि फरक भरल्यावर कोणतंही खातं जुळतं. ८,४८,००० च्या जागी ९,००,००० लिहिले असते तरी ते तितक्याच नीटपणे जुळलं असतं, फक्त विक्री ५२,००० रुपयांनी वाढली असती. म्हणून जुळलेलं खातं इथे पुरावा ठरत नाही. पुरावा बाहेरून आणावा लागतो, आणि तो पहिल्यांदा जूनअखेरच्या वाचलेल्या वह्यांत शोधायचा. तिथे स्वयंसंतुलित खतावणी कामाला येते.

या पद्धतीत ग्राहकांची खतावणी स्वतःच्या पायावर उभी असते. तिच्यात सगळ्या ग्राहकांची खाती असतात आणि शेवटी एक जास्तीचं खातं असतं, मुख्य खतावणी समायोजन खातं. ग्राहकांच्या खात्यांत जे नावे पडतं ते या खात्यात एकरकमी जमा पडतं, आणि तिथलं जमा इथे नावे. त्यामुळे या एका खतावणीचीच वेगळी तेरीज काढता येते. मुख्य खतावणीतही याचा जोडीदार असतो, ऋणको खतावणी समायोजन खातं. ग्राहकांची खाती एकेका बिलावरून भरली जातात, तर समायोजन खातं विक्री वहीच्या आणि रोकडवहीच्या महिनाअखेरच्या बेरजांवरून. दोन वाटा वेगळ्या आहेत, म्हणून दोन्हींचं उत्तर एक आलं तर त्याला अर्थ आहे.

आपल्या दुकानात ३० जूनला समायोजन खात्याची बाकी निघाली ७,१२,३०० रुपये. ग्राहकांच्या बाक्यांची यादी मात्र ७,१५,००० वर गेली. फरक २,७०० रुपयांचा. अशा वेळी जुने मुनीम आधी फरकाला नऊने भागून पाहायचे. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. २,७०० ला नऊने पूर्ण भाग जातो. मग विक्री वहीतली बिलं ग्राहकांच्या खात्यांशी एकेक ताडून पाहिली, आणि १२,५०० चं बिल एका खात्यात १५,२०० म्हणून उतरवलेलं सापडलं.

ही चूक पुढे कशी सरकली असती ते महत्त्वाचं आहे. अखेरची ८,४८,००० ची बाकी दुकानाच्या वहीतून आलेली नाही. जुलैनंतरच्या वह्याच नव्हत्या, म्हणून ग्राहकांना पत्रं धाडून आणि फोन करून त्यांच्याकडची बाकी विचारली. बहुतेकांनी लेखी उत्तर दिलं. ज्यांनी दिलं नाही त्यांची जूनअखेरची बाकी धरून नंतरची वसुली वजा केली. तो १५,२०० चा ग्राहक याच उत्तर न देणाऱ्यांत होता. चूक राहिली असती तर अखेरची बाकी ८,५०,७०० झाली असती, आणि हरवलेली विक्री २,७०० रुपयांनी जास्त निघाली असती. रक्कम लहान आहे, पण अशी एक सापडल्यावरच उरलेल्या यादीवर भरवसा ठेवता येतो.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. एका ग्राहकाचं बिल दुसऱ्याच्या खात्यात पडलं तर दोन्ही बेरजा जुळतात आणि चूक दिसत नाही. जे बिल विक्री वहीत चढलंच नाही ते ग्राहकाच्या खात्यातही जात नाही, म्हणून तेही दोन्ही वाटांनी निसटतं. जुलैनंतरच्या काळात धोका आणखी मोठा आहे. ग्राहकाने आपली बाकी कमी सांगितली, किंवा उत्तर न देणाऱ्याने जुलैत नवा माल उधार नेला असेल, तर अखेरची बाकी कमी दिसते. मग विक्री कमी दिसते, शिल्लक माल जास्त दिसतो आणि विम्याचा दावा वाढतो. चूक दुकानदाराच्या फायद्याची असल्यामुळे विमा कंपनीचा सर्व्हेअर इथेच आधी बोट ठेवतो, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून ४,८०,००० ला आणखी एक कसोटी लावावी. एप्रिल ते जून दुकानाची उधार विक्री महिन्याला सरासरी ५,०९,००० च्या आसपास होती. जुलै आणि ऑगस्टचे पहिले पाच दिवस मिळून ३६ दिवसांत ४,८०,००० म्हणजे महिन्याला सुमारे ४,००,०००. पावसात बांधकामं मंदावतात, तेव्हा ही घट पटण्याजोगी आहे. मागच्या वर्षीच्या जुलैची विक्री वही असेल तर तिच्याशीही ताडून पाहावं. हा आकडा दीड-दोन लाखांवर घसरला असता, तर उत्तर न देणाऱ्या ग्राहकांच्या दारात जाऊन, जुलैत माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याच्या पावत्या घेऊन, त्यांची बाकी पुन्हा विचारावी लागली असती.